वार खाली आहे म्हणून झोपून राहायचं का?

"मी २९ वर्षांची, पुण्यात बँकेत नोकरी करते. पहिलंच बाळंतपण. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळ छान आहे, पण रिपोर्टमध्ये 'प्लासेंटा पोस्टेरिअर, लो लाइंग, खालची कड इंटर्नल ओएसपासून १४ मिमी' असं लिहिलंय. रक्तस्राव अजिबात झालेला नाही. हिमोग्लोबिन ९.८ आहे. डॉक्टर म्हणाल्या, 'आत्ता काही करायचं नाही, ३२व्या आठवड्यात परत बघू.' सासूबाईंनी माझ्या पलंगाच्या पायथ्याखाली विटा ठेवल्यात. नोकरी सोड, पडून राहा, म्हणजे वार वर सरकेल, असं त्या म्हणतात. आई म्हणते सातव्या महिन्यात माहेरी ये. माहेर रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावात आहे, मोठं हॉस्पिटल तिथून दीड तासावर. मधले तीन महिने मी काय करू? सिझर आता ठरलेलंच का?"
– एक होणारी आई

पहिलं काम, आज रात्री झोपण्याआधी त्या विटा काढून टाका. सासूबाईंनी त्या मायेने ठेवल्या आहेत, त्यांच्या पिढीत बहुतेक घरांत हेच केलं जायचं, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालू नका. पायथा उंच करून झोपलं की या दिवसांत जळजळ आणि आंबट पाणी घशाशी येणं मात्र हमखास वाढतं, आणि वारेला त्याचा काडीचाही फरक पडत नाही. वार पोटात सुटी लोंबकळत नसते. ती गर्भाशयाच्या भिंतीला मुळं धरून घट्ट चिकटलेली असते. तुम्ही उभ्या राहिलात म्हणून ती खाली घसरत नाही आणि पाय वर करून झोपलात म्हणून वर चढत नाही.

आता रिपोर्टमधली ती ओळ वाचू. 'पोस्टेरिअर' म्हणजे वार गर्भाशयाच्या मागच्या, तुमच्या पाठीकडच्या भिंतीला आहे. 'इंटर्नल ओएस' म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचं आतलं दार, ज्यातून बाळ बाहेर यायचं असतं. वारेची खालची कड त्या दारापासून २० मिमीच्या आत असेल तर तिला 'लो लाइंग' म्हणतात. वारेने ते दारच झाकलं असेल तर 'प्लासेंटा प्रिव्हिया'. तुमची कड १४ मिमीवर आहे. म्हणजे दार उघडं आहे, वार दाराच्या जवळ आहे, इतकंच. इंटरनेटवर 'प्रिव्हिया' शोधून जे वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं दार झाकलेल्या आणि दिवस भरत आलेल्या बायकांबद्दल असतं. ते तुमच्या १४ मिमीला आणि विसाव्या आठवड्याला लावू नका.

तर मग ३२व्या आठवड्यापर्यंत थांबायचं कशासाठी? बाजरीची भाकरी थापताना आपण वर तीळ लावतो. भाकरी लहान असताना दोन तीळ अगदी शेजारीशेजारी दिसतात. थापत गेलं की त्यांच्यातलं अंतर वाढत जातं. तीळ जागचे हलत नाहीत, त्यांच्यामधलं पीठ पसरतं. गर्भाशयाचं तसंच आहे. त्याचा खालचा भाग विसाव्या आठवड्यात अगदी आखूड असतो, आणि शेवटच्या तीन महिन्यांत तो ताणला जाऊन लांबतो. वारेची कड आणि दार यांच्यातली भिंत वाढते, म्हणून वार 'वर गेली' असं आपण म्हणतो. शिवाय वार स्वतःही रक्तपुरवठा चांगला असलेल्या वरच्या बाजूला जास्त वाढते आणि खालची कड थोडी विरत जाते. हे सगळं तुम्ही बँकेत बसलेल्या असताना होतं, आणि झोपलेल्या असतानाही होतं. विसाव्या आठवड्यात वार खाली दिसलेल्या दहा बायकांपैकी साधारण नऊजणींची नंतरच्या तपासणीत खाली राहिलेली नसते. दिवस भरताना प्रिव्हिया उरतो तो सगळ्या गरोदर बायकांत मिळून २००मध्ये एकीला. तुमच्या डॉक्टरांनी 'परत बघू' म्हटलं, ते टाळण्यासाठी नव्हतं. आज घेतलेला निर्णय अकरा-बारा आठवड्यांनी बहुधा चुकीचा ठरला असता, म्हणून त्यांनी तो घेतला नाही.

आकड्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते. हे १४ मिमी पोटावरून मोजले की योनीमार्गातून, हे रिपोर्टमध्ये बघा किंवा विचारून घ्या. माझ्याकडे एक बाई आली होती, रिपोर्टवर 'वारेने मुख झाकलेलं' असं लिहिलेलं. ती तीन तास लघवी दाबून बसली होती, कारण पोटावरच्या सोनोग्राफीला मूत्राशय भरून या असं तिला सांगितलं होतं. तुडुंब भरलेलं मूत्राशय गर्भाशयाचा खालचा भाग पुढून दाबतं, पुढची-मागची भिंत एकमेकींना चिकटते आणि दार आहे त्यापेक्षा वर असल्यासारखं दिसतं. लघवीला जाऊन आल्यावर योनीमार्गातून बघितलं, तेव्हा कड दारापासून २२ मिमीवर होती. ती बाई टेबलावरच रडायला लागली. आठवडाभर तिने अंथरूण सोडलं नव्हतं. तुमची वार मागच्या भिंतीला आहे, आणि पुढच्या तपासणीत बाळाचं डोकं खाली आलेलं असेल तर पोटावरून मागची कड डोक्याआड लपू शकते. म्हणून ३२व्या आठवड्याची सोनोग्राफी योनीमार्गातून करून घ्यायची, हे आत्ताच ठरवून ठेवा. त्यात भीती नाही. तो प्रोब मुखाच्या आत जात नाही, मुखाच्या अलीकडे थांबतो, आणि वार खाली असताना मोजमापाचा तोच सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीची मला खरी काळजी वाटली, ती सांगते. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत: हिमोग्लोबिन ९.८. १४ मिमीवर तुमचा, माझा, सासूबाईंचा कुणाचाच ताबा नाही. ९.८वर आहे. वार खाली राहिली तर दोन वेळा रक्त जाण्याची शक्यता वाढते. एक म्हणजे शेवटच्या महिन्यांत, गर्भाशयाचा खालचा भाग ताणला जाताना वारेची कड भिंतीपासून जराशी सुटते तेव्हा. दुसरी म्हणजे बाळंतपणानंतर, कारण वार सुटल्यावर उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या गर्भाशय आवळूनच बंद करतं, आणि खालचा भाग वरच्या भागाइतका घट्ट आवळत नाही. तेवढंच रक्त ११.५ हिमोग्लोबिन असलेली बाई सहज सोसते, आणि ९.८ असलेलीला बाहेरचं रक्त चढवायची वेळ येऊ शकते. आणि वार वर गेली तरी वाढवलेलं हिमोग्लोबिन वाया जाणार नाही.

गरोदरपणात ११च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्त कमीच. लोहाची गोळी रोज एक की दोन, हे डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा. तुमच्या आकड्याला बहुतेक वेळा दोन देतात. गोळी चहासोबत किंवा चहानंतर लगेच घेतली तर तिचा बराचसा उपयोग जातो. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर कधीच घ्यायची नाही. लोह दुपारच्या जेवणानंतर तासा-दोन तासांनी लिंबूपाण्याबरोबर आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत, असं ठेवलं की नोकरी करणाऱ्या बाईलाही जमतं. शौच काळी होते, घाबरू नका. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन परत तपासा. ते साधारण एक ग्रॅमने वाढलेलं दिसायला हवं. वाढलं नसेल आणि तुम्ही गोळ्या खरोखर घेतल्या असतील, तर पुढचे चार आठवडे त्याच गोळ्यांवर घालवू नका. कारण शोधायला आणि शिरेतून लोह देण्याचा विचार करायला सांगा. तुमच्याकडे ३२व्या आठवड्याआधी अकरा-बारा आठवडे आहेत, तेवढे पुरेसे आहेत. बीट आणि खजूर आवडीने खा, पण ९.८ त्यांच्यावर ११ होईल अशी आशा धरू नका.

नोकरी सोडावी का? रक्तस्राव झालेला नाही, मग नाही. वार खाली असताना पडून राहिल्याने रक्तस्राव टळतो असं दिसून आलेलं नाही. उलट महिनोन् महिने पडून राहिलं की पायातल्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो, जो गरोदरपणात आधीच जास्त असतो. स्नायू ढिले पडतात, आणि घरी एकटं पडून पोटाकडे लक्ष देत बसलं की दर तासाला काहीतरी झाल्यासारखं वाटतं. बँकेत जा, चाला, जिने चढा. भरलेली घागर, गहू-तांदळाचं पोतं, कपाट सरकवणं, दमवणारा व्यायाम एवढं सोडा. बसल्या जागेवरून अधूनमधून उठून दोन फेऱ्या मारा. सासूबाईंना काहीतरी करावंसं वाटतंय, तर तुमच्या लोहाच्या गोळीची वेळ त्यांच्या हाती द्या. दुपारी फोन करून 'घेतलीस का?' विचारायचं. ते काम विटांपेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण या विषयावर येणाऱ्या बहुतेक पत्रांत हा प्रश्न कागदाच्या कडेला कुठेतरी लिहिलेला असतो: नवरा-बायकोच्या संबंधांचं काय? वारेने दार झाकलेलं असेल किंवा एकदाही रक्त गेलं असेल, तर संबंध बंद ठेवायचे. दार उघडं, रक्तस्राव नाही आणि विसावा आठवडा अशा स्थितीत बंदी घालायला ठोस आधार नाही. तरीही बरेच डॉक्टर पुढच्या सोनोग्राफीपर्यंत थांबा म्हणतात. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, आणि विचारताना नवऱ्याला सोबत न्या. म्हणजे बंदी असली तर ती तुम्ही घातलीत असं त्यांना वाटणार नाही.

रक्तस्रावाबद्दल आता नीट, कारण इथे मात्र वेळ घालवून चालत नाही. वार खाली असताना होणारा रक्तस्राव बहुतेकदा लालभडक असतो आणि दुखत नाही. बाई झोपेतून उठते, चादर ओली, पोटात कळ नाही, आणि म्हणून घरातले म्हणतात, 'दुखत नाही ना, मग सकाळी बघू.' हीच चूक होते. पहिला रक्तस्राव पुष्कळदा थोडा असतो आणि आपोआप थांबतो, पुढचा जास्त असू शकतो. त्यामुळे थांबला तरी हॉस्पिटलला जायचंच, त्याच वेळी, रात्री असो की पहाटे. पॅड लावायचा, किती वाजता सुरू झालं आणि किती पॅड भिजले हे नवऱ्याने लिहून घ्यायचं. जोराचा असेल तर गाडी शोधत न बसता १०८ लावायचा. नेहमीचा पांढरा स्राव म्हणजे रक्तस्राव नव्हे, त्याला घाबरू नका. तपकिरी डाग दिसला तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. रक्त न जाता पोट थांबून थांबून कडक होऊ लागलं, तरीही ३७ आठवड्यांआधी लगेच दाखवायला जा.

हॉस्पिटलला पोचल्यावर तुम्ही स्वतः बोलायचं वाक्य एकच: "माझी वार खाली आहे, सोनोग्राफी होईपर्यंत आतून बोटाने तपासू नका." ओळखीच्या डॉक्टर सुट्टीवर असू शकतात, ड्यूटीवरची मुलगी नवीन असू शकते. वार दारावर असेल आणि बोट मुखातून आत गेलं, तर ते थेट वारेला लागून मोठा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणूनच वर म्हटलेला प्रोब चालतो आणि बोट चालत नाही. पत्रात तुमचा रक्तगट नाही. तो निगेटिव्ह असेल तर रक्त गेल्यावर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, हेही त्याच वेळी आठवणीने सांगा. फाइलच्या पहिल्या पानावर रक्तगट, शेवटचं हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफीतलं ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. धावपळीत कुणी पाचवं पान उलटत नाही.

आता माहेर. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग आहे, कारण इथे वैद्यक एकीकडे आणि आईचं मन दुसरीकडे. आईकडे जाण्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो दीड तासाचा. ज्या हॉस्पिटलमध्ये कुठल्याही वेळी सिझर होऊ शकतं, रक्त मिळू शकतं आणि दिवस न भरलेल्या बाळाला ठेवायची सोय आहे, तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे मोजून बघा. गावाच्या नावापेक्षा आणि हॉस्पिटलच्या पाटीपेक्षा तो वेळ महत्त्वाचा. जुलै-ऑगस्टमध्ये दरड कोसळून रस्ता बंद होत असेल तर तो दीड तास तीन तासांचा होतो, हेही धरा.

माझ्या मते तुम्ही आईला भेटायला आत्ता, २३-२४व्या आठवड्यात चार दिवस जाऊन या. डॉक्टरांना सांगून, दिवसाच्या प्रवासाने, मध्ये थांबत. त्यानंतर २८व्या आठवड्यापासून ३२व्याची सोनोग्राफी होईपर्यंत पुण्यातच राहा. सातव्या महिन्यात आईने पुण्याला यावं. डोहाळजेवण इथेही तितकंच छान होतं. ३२व्या आठवड्यात कड २० मिमीच्या पलीकडे गेलेली दिसली, तर माहेरी जायला वारेची आडकाठी उरत नाही. त्या वेळी फक्त बाकी सगळ्या गरोदर बायकांसारखं कुठे बाळंत व्हायचं ते ठरवून नाव घालायचं. कड खालीच राहिली तर गावी जाऊ नका. फारच ओढ असेल तर रत्नागिरी शहरात हॉस्पिटलजवळ कुणा नातेवाइकाकडे आईने आणि तुम्ही मिळून राहायचं, आणि तिथल्या डॉक्टरांना सगळे रिपोर्ट आधीच दाखवून ठेवायचे.

३२व्या आठवड्याच्या त्या सोनोग्राफीत काय निघालं तर काय, हे आता तुम्हाला सांगता येईल. समजा कड ३० मिमीवर गेली. विषय संपला, नॉर्मल बाळंतपणाला वारेमुळे काही अडचण नाही. समजा ती १६ मिमीवरच आहे. मग ३६व्या आठवड्यात आणखी एकदा योनीमार्गातून मोजायचं, कारण ३२नंतरही अंतर वाढतं. तेव्हाही ती ११ ते २० मिमीमध्ये राहिली, तरी चांगल्या सोयीच्या हॉस्पिटलमध्ये नॉर्मल बाळंतपणाचा प्रयत्न करता येतो, पुष्कळजणींचा तो यशस्वीही होतो. १० मिमीच्या आत असेल तर रक्तस्रावाची शक्यता बरीच वाढते आणि सिझरकडे कल जातो. दारच झाकलेलं असेल तर सिझर, आणि ते कळा सुरू व्हायच्या आत, साधारण ३६ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान, दिवस ठरवून. तुमच्या १४ मिमीवरून तिथपर्यंत पोचणं फारसं संभवत नाही. म्हणजे सिझर ठरलेलं नाही. आज कुणी ठरवून सांगत असेल तर ते घाईचं आहे.

त्याच तपासणीत डॉक्टरांना एक गोष्ट बघायला सांगा: कलर डॉपलर लावून दाराच्या वर बाळाची एखादी रक्तवाहिनी तर जात नाही ना. वारेची खालची कड विरत वर जाते तेव्हा क्वचित नाळेची एखादी वाहिनी मागे, पडद्यात उघडी राहते. ती दारावर असेल तर पाणमोट फुटताना तुटते आणि जाणारं रक्त बाळाचं असतं. हे दुर्मीळ आहे, पण आधी कळलं तर सिझरने बाळ वाचतं, आणि बघायला दोन मिनिटं पुरतात. 'वार वर गेली' या आनंदात ही दोन मिनिटं राहून जाऊ नयेत, एवढ्यासाठी सांगितलं.

तुमचं हे पहिलं बाळंतपण आहे, म्हणून पुढचं तुम्हाला लागू नाही. पण हे वाचणाऱ्या ज्या बायकांचं आधी सिझर झालंय आणि आता वार खाली, पुढच्या भिंतीला, जुन्या टाक्यांवर आली आहे, त्यांनी वरचा धीर जसाच्या तसा घेऊ नये. त्यांच्यात वार टाक्याच्या व्रणात खोल रुतण्याची शक्यता असते. मग ती बाळंतपणानंतर सहज सुटत नाही, आणि रक्तस्राव फार मोठा होऊ शकतो. अशा बाईने ३२व्या आठवड्याची वाट बघत बसू नये. या विषयाचा अनुभव असलेल्या सोनोग्राफी तज्ज्ञाकडून लवकर बघून घ्यावं, आणि शंका निघाली तर बाळंतपण मोठ्या हॉस्पिटलमध्येच ठरवावं, जिथे रक्तपेढी आणि अनुभवी सर्जन एकाच छताखाली आहेत.

३२व्या आठवड्याची तारीख आजच फोन करून घ्या. नाव लिहिताना 'योनीमार्गातून, प्लासेंटा आणि डॉपलर' असं सांगा. त्या दिवशी पाणी पिऊन लघवी दाबून बसू नका. आणि या शनिवारी रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर चार आठवड्यांनंतरची तारीख लिहून घ्या.